सादळलेल्या पट्ट्या, चुकलेली शुगर

ग्लुकोमीटरची पट्टी प्लास्टिकच्या चपट्या काडीसारखी दिसते, पण शुगर मोजण्याचे खरे काम तीच करते. हातात धरायचे यंत्र पट्टीतून येणारा विजेचा अतिशय क्षीण प्रवाह मोजते आणि त्याचा आकडा करून पडद्यावर दाखवते, एवढेच. पट्टीतून प्रवाह चुकीचा आला तर यंत्र कितीही चांगले असले तरी आकडा चुकीचाच येणार. म्हणून घरातल्या तपासणीचा भरवसा यंत्रावर जेवढा अवलंबून असतो, त्याहून जास्त तो पट्ट्यांच्या डबीवर अवलंबून असतो. नेमकी तीच डबी घरात सर्वांत दुर्लक्षित राहते. यंत्र पाऊचमध्ये जपून ठेवलेले असते आणि डबी मात्र ओट्यावर, फ्रिजवर, कधी बाथरूमच्या कपाटात, अर्धवट झाकण लावून पडलेली असते.

ज्या टोकाला रक्ताचा थेंब लावतात तिथे पट्टीत केसाएवढी अरुंद पोकळी असते. त्या पोकळीच्या तळाशी कार्बनची किंवा एखाद्या धातूची दोन-तीन बारीक विद्युतटोके असतात आणि त्यांवर रसायनांचा एक पातळ, कोरडा थर वाळवून बसवलेला असतो. या थरात दोन घटक महत्त्वाचे असतात. पहिला म्हणजे विकर, ज्याला सगळे एन्झाइम म्हणून ओळखतात. काही पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेज असते, काहींत ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. दुसरा घटक म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रसायन. अनेक पट्ट्यांत त्यासाठी पोटॅशियम फेरिसायनाइड वापरतात. सोयीसाठी त्याला वाहक म्हणता येईल.

रक्ताचा थेंब पोकळीत शिरला की कोरडा थर भिजतो आणि जागा होतो. विकर रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेते आणि जवळच्या वाहकाच्या हवाली करते. यंत्र विद्युतटोकांना थोडा दाब देते. भरलेला वाहक तिथे येऊन इलेक्ट्रॉन सोडतो आणि त्यातून प्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त असले तर भरलेले वाहक जास्त आणि प्रवाहही जास्त. साधारण पाच सेकंदांत हा हिशेब पुरा होतो आणि त्यासाठी रक्त लागते जेमतेम अर्धा ते एक मायक्रोलिटर, काही पट्ट्यांना त्याहूनही कमी.

या सगळ्या हिशेबामागे कारखान्याने दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. विकर पूर्ण ताकदीचे आहे ही पहिली. रक्त लागण्याआधी सगळे वाहक रिकामे आहेत ही दुसरी. पट्ट्यांची प्रत्येक खेप तपासून, किती प्रवाह म्हणजे किती ग्लुकोज हे कोष्टक कारखान्यातच ठरवलेले असते आणि यंत्र त्या कोष्टकाबाहेर जाऊ शकत नाही. पट्टी घरी आल्यानंतर तिच्यात काय बदल झाला, हे कोष्टकाला कळत नाही. डबी नीट न ठेवल्यामुळे होणारे नुकसान या दोन गृहीतकांवरच घाला घालते.

विकर हे प्रथिन आहे. कोरड्या अवस्थेत ते बराच काळ टिकते. कडधान्याचेही असेच असते. डब्यात कोरडे राहिलेले मूग वर्षभर काही होत नाहीत, पण तेच भिजवून ठेवले तर एक-दोन दिवसांत आंबतात. विकराच्या थरात ओल शिरली की प्रथिनाच्या रेणूंना हालचाल करायला वाव मिळतो, त्यांची घडी विस्कटते आणि ते निकामी होऊ लागते. उष्णता हेच काम आणखी वेगाने करते. काही विकर मेले की ठरलेल्या पाच सेकंदांत ग्लुकोजकडून कमी इलेक्ट्रॉन काढले जातात, प्रवाह कमी येतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते.

वाहकाचे नुकसान याच्या उलट दिशेने होते. ओल, उष्णता आणि काही रसायनांच्या बाबतीत उजेड यांमुळे थरातले काही वाहक रक्त न लागताच आपोआप भरून बसतात. अशा पट्टीला रक्त लावले की ग्लुकोजमुळे भरलेले वाहक आणि आधीच भरून बसलेले वाहक, दोघेही विद्युतटोकावर इलेक्ट्रॉन सोडतात. यंत्राला त्यांतला फरक ओळखता येत नाही. परिणामी आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

म्हणून ‘सादळलेली पट्टी शुगर जास्त दाखवते की कमी?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन्ही बिघाड एकाच पट्टीत एकाच वेळी असू शकतात, आणि कोणता बिघाड वरचढ ठरेल हे त्या क्षणी रक्तात साखर किती आहे यावर ठरते. हे आकड्यांनी नीट समजते. समजा, एका डबीतल्या पट्ट्यांचे विकर इतके क्षीण झाले आहे की ग्लुकोजचा फक्त ८० टक्के भाग मोजला जातो, आणि आधीच भरलेल्या वाहकांमुळे प्रत्येक आकड्यात २५ची भर पडते. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात ते पट्टीच्या जातीनुसार आणि नुकसानीनुसार वेगळे असतील. आता रक्तातली खरी शुगर ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर यंत्र तिचे ८० टक्के म्हणजे २४० धरेल, वर २५ घालील आणि २६५ दाखवील. खरी शुगर ६० असेल तर ४८ अधिक २५, म्हणजे ७३ दाखवील. आणि खरी शुगर १२५ असेल तर? १०० अधिक २५, म्हणजे बरोबर १२५.

या तीन आकड्यांत मधला सर्वांत फसवा आहे. उपाशीपोटी १२५च्या आसपास शुगर असलेल्या माणसाने ही डबी लॅबच्या रिपोर्टशी ताडून पाहिली तर दोन्ही आकडे जुळतील, आणि पट्ट्या उत्तम आहेत असा निर्वाळा देऊन तो निश्चिंत होईल. खरा धोका मात्र टोकांना आहे. शुगर ७०च्या खाली गेली की तातडीने गोड काही घ्यायचे, असे रुग्णांना सांगितलेले असते. इथे ६० असताना ७३ दिसते, म्हणजे रेषेच्या अगदी वर. रात्री घाम फुटून जागा झालेला, इन्सुलिन घेणारा माणूस ७३ पाहून परत झोपू शकतो. दुसऱ्या टोकाला ३००चे २६५ दिसतात आणि औषध वाढवण्याची वेळ आली आहे हे काही आठवडे लक्षातच येत नाही.

यंत्रावर ठेवायचा विश्वास कुठपर्यंत, याचेही एक माप आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३च्या आवृत्तीनुसार दर शंभरातले किमान ९५ आकडे ठरावीक हद्दीत यावे लागतात: शुगर १००च्या खाली असेल तर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ मिलिग्रॅम मागे-पुढे, आणि १०० किंवा त्यावर असेल तर १५ टक्के मागे-पुढे. म्हणजे चांगल्या पट्टीतही थोडी चूक गृहीतच आहे. सादळल्यामुळे होणारी चूक या मुळातल्या चुकीवर चढते. चाचणीची ही हद्द नव्या, नीट ठेवलेल्या पट्ट्यांना लागू असते, उघड्या डबीत महिनाभर पडलेल्या पट्ट्यांना नाही.

हे सगळे टाळण्यासाठीच पट्ट्यांची डबी तशी बनवलेली असते. ती साधी प्लास्टिकची कुपी वाटली तरी तिच्या आतल्या भिंतीत किंवा झाकणात ओल शोषून घेणारा पदार्थ बसवलेला असतो. तो सिलिका जेल असतो किंवा मॉलिक्युलर सीव्ह नावाचे छिद्रमय खनिज असते. झाकण लावताना येणारा ‘टक्’ असा आवाज म्हणजे कडेची सील बसल्याची खूण. तो आवाज आला नाही तर डबी बंद झालेली नाही, मग ती दिसायला बंद दिसली तरी. झाकणाच्या कडेला पट्टीचे टोक अडकले असेल किंवा धूळ बसली असेल तरी हीच गत होते.

शोषकाची ताकद मर्यादित असते आणि ती कशी खर्च होते हे पाहण्यासारखे आहे. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची हवा आहे. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. डबीत २० मिलिलिटर हवा मावते असे धरले, तर डबी उघडून लगेच बंद केल्यावर आत अडकणारे पाणी सुमारे अर्धा मिलिग्रॅम भरते. एवढे पाणी शोषक सहज पचवतो. पन्नास पट्ट्यांसाठी पन्नास वेळा डबी उघडली तरी एकूण पाणी २५ मिलिग्रॅमच्या आसपास राहते, आणि कारखान्याने हा हिशेब आधीच केलेला असतो. झाकण रात्रभर उघडे राहिले की हा हिशेब कोलमडतो. तेव्हा डबीत एकदाच हवा शिरत नाही. बाहेरची वाफ तोंडातून सतत आत झिरपत राहते आणि शोषक ती ओढून घेत राहतो. शोषक भरला की उरलेली ओल पट्ट्यांवर जाते. त्यानंतर झाकण घट्ट लावूनही उपयोग नसतो, कारण आता आतली हवाच दमट असते आणि ती कोरडी करायला काही शिल्लक नसते. उघड्यावर राहिलेले पापड मागाहून डब्यात घालून झाकण लावले तर ते कुरकुरीत होत नाहीत, तसेच हे.

एखादे घर डोळ्यांसमोर आणले तर ही साखळी स्पष्ट होते. समजा, रत्नागिरीजवळच्या एका घरात ५ जूनला पन्नास पट्ट्यांची नवी डबी उघडली. घरातल्या आजी आठवड्यातून दोनदा शुगर तपासतात. तपासणी सकाळी स्वयंपाकघरात होते, कारण उजेड तिथे असतो. बोटाला टोचताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून झाकण उघडे राहते. तपासणी झाली की चहा ओतायचा असतो, आणि डबी बंद होते ती पंधरा-वीस मिनिटांनी. बाजूला कुकरची शिट्टी होत असते. हात नुकतेच धुतलेले असतात आणि ओल्या बोटांनीच पट्टी काढलेली असते, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन पट्ट्यांनाही बोट लागते. यांतली एकही गोष्ट निष्काळजीपणाची वाटत नाही. पण जुलैच्या मध्यापर्यंत डबी एकूण तीन-चार तास ऐन पावसाळी हवेत, वाफेशेजारी उघडी राहिलेली असते.

इथे फक्त क्रम बदलायचा असतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, डबी उघडून एक पट्टी काढायची, झाकण लगेच टक् होईपर्यंत दाबायचे, आणि मगच पट्टी यंत्रात घालून बोटाला टोचायचे. पट्टी बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच वापरायची; आधी काढून ताटलीत मांडून ठेवायची नाही. डबीची जागाही स्वयंपाकघराबाहेरची हवी: झोपायच्या खोलीतले किंवा माजघरातले कपाट, जिथे उन्हाची तिरीप येत नाही आणि भिंतीला ओल नाही.

आता डबीवरच्या तारखांकडे. डबीवर एक तारीख छापलेली असते आणि एक नसते, आणि न छापलेलीच जास्त महत्त्वाची असते. छापलेली तारीख वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी असते. ती न उघडलेल्या आणि ठरलेल्या तापमानात ठेवलेल्या डबीची मुदत सांगते. फक्त महिना आणि वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत समजतात. झाकण पहिल्यांदा उघडले की बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्यांना दुसरी, छोटी मुदत लागू होते. ती काहींना ९० दिवस, काहींना सहा महिने असते. काही पट्ट्या मात्र छापलेल्या तारखेपर्यंत चालतात, अट एवढीच की झाकण नेहमी नीट लावलेले हवे. कोणत्या पट्टीला कोणता नियम, हे आतल्या माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि ते पत्रक बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर केराच्या टोपलीत जाते. छापलेली तारीख आणि उघडल्यानंतरची मुदत यांपैकी जी आधी संपेल ती खरी.

रत्नागिरीच्या त्या डबीला उघडल्यापासून ९० दिवसांची मुदत असेल तर ५ जूनपासून मोजता ती ३ सप्टेंबरला संपते. आठवड्याला दोन याप्रमाणे तोवर सुमारे २६ पट्ट्या वापरल्या जातील आणि २४ शिल्लक राहतील. पन्नासची डबी घेताना दर पट्टीमागे पैसे वाचले असे वाटले होते, प्रत्यक्षात जवळजवळ निम्मी डबी टाकून द्यावी लागते. बहुतेक घरे ती टाकत नाहीत. डिसेंबरपर्यंत तीच वापरतात, कारण छापलील्या तारखेला अजून वर्ष असते. ज्यांना आठवड्यातून दोनदाच तपासायचे आहे त्यांच्यासाठी पंचवीसची डबी योग्य, ती ८८ दिवसांत संपते. त्याहूनही कमी तपासणाऱ्यांनी, आणि विशेषतः किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी, एकेक पट्टी वेगळ्या फॉइलच्या पाकिटात मिळते का ते विचारावे. अशा पट्ट्यांचा प्रकार काही कंपन्या देतात. तिथे एक पाकीट फाडल्याने बाकीच्यांना हवा लागत नाही. मात्र फॉइलची पट्टी कोणत्याही यंत्रात चालत नाही, आपल्या यंत्राचीच हवी. डबी उघडल्याची तारीख तिच्या लेबलवर पेनाने लिहून ठेवणे हा दहा सेकंदांचा उद्योग आहे, आणि लिहिलेली नसेल तर मुदत मोजण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

मुदत संपल्यावर पट्टी दुसऱ्याच दिवशी बंद पडते असे नाही. विकर आणि वाहक रोज थोडे थोडे बदलत असतात. हा बदल मान्य हद्दीत राहील अशी खात्री कंपनीने जिथपर्यंत तपासून पाहिली आहे तिथे ती रेषा ओढते. रेषेपलीकडे आकडा बरोबरही येऊ शकतो, पण तो बरोबर आहे हे म्हणायला कोणाकडेच आधार नसतो. सगळी यंत्रे मुदत संपल्याचे ओळखतात हाही समज चुकीचा आहे. अनेक यंत्रांना डबी कधी उघडली हे माहीत असण्याचा मार्गच नसतो.

डबीवर थर्मामीटरच्या चिन्हाशेजारी दोन आकडे छापलेले असतात. ती तापमानाची हद्द असते, बहुतेक वेळा २ किंवा ४ अंशांपासून ३० अंशांपर्यंत. काही पट्ट्यांची वरची हद्द याहून जास्त असते. महाराष्ट्रात ही वरची हद्द पाळणे सोपे नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असतात आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळीही ३५च्या खाली उतरत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली डबी याहून कितीतरी जास्त तापते. यंत्र स्वतःचे तापमान मोजते आणि फार गरम किंवा फार गार असेल तर पडद्यावर इशारा देते, पण तो त्या क्षणाचा असतो. पट्ट्या काल दुपारी गाडीत तापल्या होत्या हे आज गार खोलीत त्याला कळणार नाही.

उष्णतेवर उपाय म्हणून बऱ्याच घरांत डबी फ्रिजमध्ये जाते. इन्सुलिन तिथेच असते, त्यामुळे शुगरचे सगळे सामान एका ठिकाणी ठेवणे स्वाभाविक वाटते. पण इन्सुलिन द्रव आहे आणि त्याला गारवा हवा. पट्टी कोरडी आहे आणि तिला कोरडेपणा हवा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ २७ अंशांच्या आसपासच दवासारखी जमू लागते. फ्रिजमधून आलेली डबी पाच-सहा अंशांवर असते. ती बाहेर काढून लगेच उघडली की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तसे ते आतल्या गार पट्ट्यांवर जमतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण रसायनाचा थर त्यांनी भिजतो. काही कंपन्यांची खालची हद्द २ अंश असते हे खरे, तरी रोज आत-बाहेर करणाऱ्या डबीसाठी फ्रिज ही वाईट जागा आहे. डबी चुकून फ्रिजमध्ये गेलीच असेल तर झाकण न उघडता ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बाहेर ठेवावी. फ्रीजरमध्ये गोठलेली डबी वापरू नये. वीज नसलेल्या घरांत इन्सुलिन ओल्या माठात ठेवतात, आणि इन्सुलिनपुरता तो उपाय चांगला आहे. पट्ट्या मात्र त्या माठात ठेवू नयेत. माठ गार होतो तो पाणी झिरपून, आणि आतली हवा त्यामुळे दमट असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवलेली डबी बरी राहते. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये. तो वाराही ओलाच असतो.

पट्ट्या डबीतून काढून दुसरीकडे ठेवणे ही आणखी एक सर्रास चूक आहे. प्रवासाला जाताना चार पट्ट्या गोळ्यांच्या डबीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतात. तिथे शोषक नसतो आणि सीलही नसते. प्रवासात मूळ डबीच न्यावी. दोन अर्धवट डब्या एकत्र करणेही टाळावे, कारण वेगळ्या खेपांच्या पट्ट्यांचे कोष्टक आणि मुदत वेगळी असू शकते आणि एकदा मिसळल्या की कोणती कुठली हे ओळखता येत नाही. वापरलेली, रक्त लागलेली पट्टी ‘नंतर टाकू’ म्हणून त्याच डबीत परत घालणारेही अनेक आहेत. त्या ओल्या रक्तातले पाणी शोषक शोषून घेतो, आणि आपण हातानेच डबीत ओल भरत असतो.

नुकसान झाले आहे हे ओळखायचे कसे? नजरेने ओळखता येत नाही. सादळलेली पट्टी चांगल्या पट्टीसारखीच दिसते. फार बिघडलेली पट्टी यंत्र ओळखते आणि चुकीचा संकेत दाखवते, पण अर्धवट बिघडलेली पट्टी निमूटपणे आकडा देते. त्याच डबीतून दुसरी पट्टी घेऊन पुन्हा मोजणे हा तर बहुतेकांचा पहिला उपाय. डबीत सगळ्याच पट्ट्या एकाच ओलीत राहिलेल्या असतात, त्यामुळे दुसरा आकडाही तितकाच चुकीचा येतो. दोन आकडे जुळले म्हणजे ते खरे ठरत नाहीत. मात्र आकडा अनपेक्षितपणे जास्त आला असेल तर हात पुन्हा धुऊन, पुसून एकदा मोजावे. आंबा किंवा केळे सोलल्यावर बोटाला राहिलेली साखरही आकडा वाढवते, आणि त्यात पट्टीचा दोष नसतो.

खरी चाचणी कंट्रोल सोल्यूशनने होते. हे ग्लुकोजचे ठरावीक प्रमाण असलेले द्रावण असते आणि यंत्राच्या कंपनीकडून त्याच पट्टीसाठीचे घ्यावे लागते. औषधाच्या दुकानात ते सहसा नसते, ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मागावे लागते. बाटली हलवून पहिला थेंब टाकून द्यायचा, दुसरा थेंब स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर घ्यायचा आणि पट्टीचे टोक त्याला लावायचे. आलेला आकडा पट्ट्यांच्या डबीवर छापलेल्या हद्दीत बसला पाहिजे. द्रावणालाही उघडल्यानंतरची मुदत असते, सहसा तीन महिने. एक अट विसरू नये: मधल्या पातळीचे एकच द्रावण वापरले तर मघाच्या १२५सारखी फसगत होऊ शकते. मिळत असेल तर कमी आणि जास्त अशा दोन पातळ्यांचे द्रावण मागावे.

द्रावण मिळाले नाही तर लॅबशी ताडणे उरते. उपाशीपोटी लॅबमध्ये शिरेतून रक्त घेतात त्याच वेळी, पाच-दहा मिनिटांच्या आत, बोटाच्या रक्तावर पट्टी वापरावी. जेवणानंतर ताडू नये, कारण तेव्हा बोटाच्या आणि शिरेच्या रक्तातच फरक असतो. लॅबचा नमुना फ्लुओराइड असलेल्या राखाडी झाकणाच्या नळीत घेतला आहे का हेही विचारावे. नमुना तसाच पडून राहिला तर रक्तपेशी त्यातले ग्लुकोज खात राहतात आणि लॅबचा आकडाच कमी येतो. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर पट्ट्या त्या पातळीपुरत्या ठीक आहेत. पुढच्या वेळी शुगर वेगळ्या पातळीवर असताना पुन्हा ताडल्याशिवाय पूर्ण निर्वाळा देता येत नाही.

विकत घेतानाही काही गोष्टी पाहाव्यात. सील तुटलेले खोके, पुसलेली किंवा नव्याने चिकटवलेली तारीख, लेबलवर दुसऱ्याचे नाव अशा डब्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये दुसऱ्याकडून आलेल्या, आधी कोणाच्या तरी मालकीच्या पट्ट्या वापरू नका असा इशारा दिला होता, आणि त्याचे एक कारण हेच होते की त्या कशा ठेवल्या गेल्या हे कोणाला सांगता येत नाही. ऑनलाइन मागवलेली डबी भर मेमध्ये दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत असू शकते. शक्य असेल तर उन्हाळ्यात पट्ट्या एसी असलेल्या औषधाच्या दुकानातूनच घ्याव्यात.

डबी रात्रभर उघडी राहिली, पाण्यात पडली, गाडीत तापली किंवा तिची उघडल्याची तारीखच आठवत नाही, यांपैकी काहीही असेल आणि कंट्रोल सोल्यूशन हाताशी नसेल तर ती डबी टाकून नवी उघडावी. आणि घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास होत असताना पट्टी ७३ किंवा ८५ दाखवत असेल, तर पट्टीवर नव्हे, शरीरावर विश्वास ठेवावा: रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यावी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा, आणि पुढचा आकडा नव्या डबीतल्या पट्टीनेच घ्यावा.